अ, ब आणि हिरवा नॅपकिन

सोलापुरात मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले, ते घरमालक माणूस म्हणून चांगले होते, पण वाढदिवसाच्या बाबतीत डोक्यानं सरकलेले होते. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय. त्यावर ते म्हणाले होते, "सरकलेलं न्हाय पोरी, रुळावर हाय म्हणून तुला वेगळं दिसतंय."

जन्मभर मालगाडीचे ड्रायव्हर. होटगीपासून सुरू झालेली नोकरी ड्रायव्हर म्हणूनच संपली. आता गाडी नव्हती, पण सवय गेली नव्हती. अंघोळीला जातानासुद्धा दारातून मागं वळून बघायचे, जणू पाठीमागं चाळीस डबे आहेत.

राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी खालून हाक आली. "ओ वरच्या! मोकळी हायस का?"

मला वाटलं पाणी आलं असेल. बादल्या घेऊन खाली धावले. काका अंगणात खुर्ची टाकून बसलेले, नाकावर चष्मा, हातात फोन.

"बादल्या ठेव तितं. बस. मेव्हण्याचा वाढदिवस हाय. दोन आणलेत. अ ऐक, मग ब ऐक. कुठला त्येच्या अंगाला बसतो ते सांग."

"काका, केकचं चित्र पाठवून द्या की. हार्दिक शुभेच्छा लिहिलेलं असतं त्यावर."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी रुळावर दगड ठेवला होता. "ते चित्र माणूस गवळ्यालाबी पाठवतोय, डॉक्टरलाबी पाठवतोय. मग मेव्हण्याला वेगळं काय दिलं?"

हा त्यांचा पहिला नियम: नाव झाकून वाचायचं. मेसेजमधल्या नावावर अंगठा ठेवायचा आणि बाकीचं वाचायचं. ते शेजाऱ्यालाही चाललं तर तो मेसेज बाद. एकदा आमच्या चौकात कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागलं होतं, खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांची रांग. काकांनी भर रस्त्यात स्कूटर थांबवली, हात लांब करून एक डोळा मिटला आणि तळहातानं भाऊंचं नाव झाकलं. "कार्यसम्राट, जनतेचा वाली, धडाडीचं नेतृत्व. सांग आता, ह्यो कुणाचा वाढदिवस?" फ्लेक्स बांधणारी पोरं शिडीवरून खाली बघायला लागली. मी मागं बसले होते, म्हटलं, "काका, चला, नाहीतर आपला तेरावा होईल."

दुसरा नियम: ड्रायव्हर एकट्याच्या मनानं गाडी हलवत नाही. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो. त्यानं हिरवी झेंडी दाखवली की ड्रायव्हरनं हलायचं. "लिहिणारा म्हंजे ड्रायव्हर," काका म्हणायचे. "त्येला फुडचंच दिसतंय. मागं काय लोंबतंय ते बघायला दुसरा माणूस लागतोय." त्या घरात ती नोकरी माझ्या गळ्यात पडली. माझं नाव पडलं झेंडीवाली.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याच्या हापिसात कामाला होते. परदेशी गिऱ्हाइकांना नमुने पाठवायचे, त्यातले डाग पडलेले परत यायचे. काकांनी हुकूम केला आणि मी दोन नॅपकिन आणले, एक हिरवा, एक लाल. रविवारी मेसेज ऐकून मी वर जायचं, चहा पिता पिता विचार करायचा आणि गॅलरीतून एक नॅपकिन बाहेर धरायचा. हिरवा म्हणजे पाठवा. लाल म्हणजे पुन्हा लिहा. गल्लीत चर्चा सुरू झाली की वरची पोरगी कुणाला तरी खुणा करते. समोरच्या आजींनी माझ्या आईला फोन करायचा बाकी ठेवला होता.

आता तुम्ही म्हणाल, दोन मेसेजमधून एक निवडायला काय अक्कल लागते? मलाही तसंच वाटायचं. मग काकांच्या विहीणबाईंचा वाढदिवस आला.

अ असा होता: "विहीणबाई, तुमच्या हातच्या शेंगाचटणीसारखं तुमचं आयुष्य चवदार राहो." ब होता: "विहीणबाई, तुम्ही घरात आलात की आमची लेक निवांत होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

मी लगेच म्हटलं, "अ. मस्त आहे. हसतील त्या."

"झाक नाव."

मी अंगठा ठेवला. शेंगाचटणी दुसऱ्या कुणाला चालली नसती. "बघा, पास."

तेवढ्यात काकू पोहे घेऊन बाहेर आल्या. काकू कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते घाव घातल्यासारखं. "अहो, ती चटणी विहीणबाई करतात होय? आपली लेक कुटते. विहीणबाई डबा भरून वाटतात."

काकांनी कपाळावर हात मारला. "म्हंजे सगळ्यांच्या म्होरं वाचलं तर?"

"तर टोमणा. आणि बोलणी लेकीला."

तेव्हा मला तिसरा नियम कळला: मेसेज कोण वाचणार एवढंच बघायचं नाही, कुणाच्या समोर वाचला जाणार तेही बघायचं. एकट्यानं वाचायचा मेसेज वेगळा, घरात मोठ्यानं वाचला जाणारा वेगळा. ब गेला. विहीणबाईंनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि लेकीला त्या महिन्यात चटणी कुटायला लागली नाही म्हणे.

मी हीच युक्ती हापिसात वापरली. आमच्या साहेबांच्या वाढदिवसाला एक मेसेज लिहिला गोडगोड, एक साधा. गोडाच्या नावावर अंगठा ठेवला तर तो आमच्या साहेबांच्या साहेबांनाही चालत होता. साधा पाठवला. साहेब दुपारी टेबलापाशी येऊन म्हणाले, "तुमचाच एक मेसेज वाचला मी आज." माझा पगार वाढला नाही ते सोडा, पण मी घरी येऊन काकांना पेढा दिला.

माझ्या स्वतःच्या वाढदिवसाला मात्र सकाळपासून खालून काही येईना. मी दोनदा उगाच खाली जाऊन आले. काका पेपरात तोंड घालून बसलेले. मी रुसले, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी मेसेज आला: "झेंडीवाली, तू आल्यापासून घरातून एकबी चुकीची गाडी सुटली न्हाय." मी धावत खाली गेले. "एवढा उशीर?"

"तुलाच कसं विचारणार? ज्येचा वाढदिवस, त्येलाच झेंडी दाखवायला लावायची न्हाय. हिला विचारलं, तर हिनं सकाळपास्नं लालच धरला."

काकू आतून म्हणाल्या, "पहिल्या मेसेजमध्ये भाडं वेळेवर देते असं लिवलं होतं."

असं आमचं चाललं होतं, हसत खिदळत. पण वर्षातला एक दिवस असा होता की काका मला हाक मारायचे नाहीत. थंडी सुरू होताना कधीतरी. त्या दिवशी ते सकाळपासून अंगणात बसायचे, लिहायचे, वाचायचे, ओठ हलवायचे आणि दुपारी फोन उशीखाली ठेवून झोपायचे. कुणालाच काही पाठवायचे नाहीत. मी काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मंगळवेढ्याच्या गार्डाचा वाढदिवस आज. दरवर्षी दोन लिवतात. दोन्ही पुसतात."

हा मंगळवेढ्याचा गार्ड म्हणजे काकांचा जिवाभावाचा मित्र. वर्षानुवर्षं काका पुढच्या इंजिनात आणि हा मागच्या डब्यात. दोघं रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या मुक्कामाच्या खोलीत, एकत्र भाकरी खायचे. काका काकूंना पत्र लिहायचे तेसुद्धा दोन लिहायचे आणि कुठलं टाकायचं ते गार्ड ठरवायचा. म्हणजे झेंडीवालीची ही जागा मुळात त्याची. मी नुसती बदली कामगार.

आणि आता बोलणं बंद. तेही एका वाढदिवसाच्या मेसेजवरून.

गार्डाची एकसष्टी होती. मंगळवेढ्यात मांडव, जेवणं, लेकीच्या सासरची माणसं आलेली. काकांना ताप होता म्हणून ते गेले नव्हते. त्यांनी मेसेज पाठवला: "गाडी सोडून चहा पीत बसणाऱ्या जगातल्या एकमेव गार्डाला एकसष्टीच्या शुभेच्छा!" नाव झाकून वाचा, दुसऱ्या कुणालाही चालणार नाही. पैकीच्या पैकी मार्क. जावयानं तो हौसेनं माइकवर वाचला. मांडव हसला. व्याही तेव्हापासून गार्डाला चहावाले म्हणायला लागले. गार्डानं त्या दिवसापासून काकांचा फोन घेतला नाही.

"एकट्यानं पाठवला व्हता," काका मला एकदा म्हणाले होते. "विचारणार कुणाला? झेंडी दाखवणारा त्योच, आन् वाढदिवसबी त्येचाच."

पुढच्या वर्षी तो दिवस जवळ आला तेव्हा काका पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. तिथून आले ते चप्पल न काढताच ओट्यावर बसले. कुणीतरी सांगितलं होतं की गार्ड मंगळवेढ्याचं घर बंद करून लेकीकडं नागपूरला कायमचा निघालाय.

"नागपूर," काका म्हणाले. "तितं आपली लाइन न्हाय गं."

काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "या वर्षी मेसेज न्हाय गेला, तर मी स्वतः एसटीनं मंगळवेढ्याला जाऊन त्यांना सांगते की आमचं येडं दरवर्षी उशीखाली काय ठेवतं ते."

वाढदिवसाच्या दिवशी उजाडता उजाडता हाक आली. "झेंडीवाली! दोन आणलेत."

मी दोन्ही नॅपकिन खांद्यावर टाकून खाली गेले. काकांनी दाढी केली होती. फोन काकूंनी धरला होता.

अ असा होता: "प्रिय मित्रा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुझ्या एकसष्टीला मी पाठवलेल्या मेसेजमुळे तुझा अपमान झाला. मी चुकलो. त्याच्या आधीही मीच चुकलो होतो. मी हिरवा टॉवेल बघून गाडी सोडली आणि जबाब तू दिलास. तुझ्यामुळे माझी नोकरी राहिली. मी तुझा जन्मभर ऋणी आहे. मला माफ कर. देव तुला उदंड आयुष्य देवो."

ब असा होता: "गार्ड, वाढदिवसाच्या शुभेच्छा. चहा निवांत पी. तू चढल्याशिवाय गाडी हलणार न्हाय."

मी लाल नॅपकिन समोर धरला. "आधी टॉवेलचं काय ते सांगा. मला माहीत नाही तर मी निवडू कसं?"

काकांनी काकूंकडं बघितलं. काकूंनी मान हलवली.

जुनी गोष्ट. एका लहान स्टेशनात मालगाडी थांबवून ठेवली होती. गार्ड खाली उतरून चहा पीत होता, जसे सगळेच पितात. गाडी सोडायचा सिग्नल पडला. काकांनी इंजिनातून मागं बघितलं, वळणापलीकडं हिरवं काहीतरी हललं. त्यांनी भोंगा दिला आणि गाडी सोडली. ती झेंडी नव्हती. रेल्वेच्या खोलीमागं दोरीवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. हिरवा. आपल्या सोलापूरचाच असणार. गार्ड हातात कप घेऊन रुळावरून धावत राहिला आणि गाडी गेली. झेंडीशिवाय गाडी हलवली म्हणजे ड्रायव्हरची नोकरी जाणार. लेक तेव्हा पाळण्यात. गार्डानं जबाबात लिहिलं: झेंडी मी दाखवली, चढताना पाय घसरला.

"शिक्षा त्येला झाली," काका म्हणाले. "आन् म्या भाड्यानं त्येच चहावरनं त्येच्याच मांडवात हसवलं लोकांला. तापात व्हतो म्हणावं तर डोकं ताप नसतानाबी असंच चालतंय माझं."

टॉवेलच्या कारखान्यात काम करणारी मी, खांद्यावरच्या हिरव्या नॅपकिनकडं काय तोंडानं बघू?

"आता सांग," काका म्हणाले. "मला वाटतंय अ. खरं हाय ते. माफी मागायची तर पुरती मागावी."

मलाही आधी अ वाटला. अ ऐकताना काकूंनी पदर डोळ्याला लावला होता. पण नियम म्हणजे नियम. मी अ पुन्हा मोठ्यानं वाचायला लागले आणि प्रत्येक 'मी' आला की लाल नॅपकिन काकांच्या गुडघ्यावर आपटायला लागले. मी पाठवलेल्या, फट. मी चुकलो, फट. मीच, मी, मी.

"अगं बास की!"

"काका, वाढदिवस कुणाचा? ह्यात तुम्हीच दिसताय सगळीकडं. आणि शेवटी म्हणताय, माफ कर. म्हणजे त्यांनी सकाळी उठून काय करायचं? तुम्हाला माफ करायचं काम करायचं. वाढदिवसाला काम लावताय."

मग काकूंनी खरा घाव घातला. "आणि त्यांचा फोन वाचतं कोण? मोतीबिंदू झालाय त्यांना. घर आवरायला आलेली लेक नाहीतर जावई वाचून दाखवतो."

"मग?"

"मग जावई वाचणार, सासऱ्यानं खोटा जबाब दिला. भर घरात. पुन्यांदा."

काकांनी अ कडं असं बघितलं की जणू तो फोनमधून उठून चावेल. खरं होतं त्यातलं सगळं, पण ते त्यांनी एकट्यांनी एकट्याला सांगायचं खरं होतं. माफीच्या नावाखाली ते तीच चूक पुन्हा करत होते, माइक फक्त लहान होता.

"मग ब," मी म्हटलं. पण मनात एक खुटखुट होती. "पण काका, यात पुन्हा चहा आहे. ज्या चहावरून झालं तोच चहा. खपली निघाली तर?"

आता काकांची पाळी होती. ते खुर्चीत सरळ बसले. असा चेहरा मी इंजिनातल्या फोटोत बघितला होता. "पयल्या मेसेजात चूक कुणाची दिसत व्हती? गार्डाची. गाडी सोडून चहा पितोय म्हणून. ह्येच्यात गार्ड चहाच पितोय, पण चुकत न्हाय. ह्येच्यात थांबायचं काम कुणाचं? ड्रायव्हरचं. घरच्यांनी वाचलं तर त्यांना काय दिसंल? म्हाताऱ्याला चहा पी म्हणतोय. त्येला काय दिसंल, ते त्येचं त्येला."

"उत्तर द्यायची सक्ती?"

"न्हाय. गाडी थांबलीय. त्येला वाटलं तर चढंल."

काकू म्हणाल्या, "अ पुसू नका पण. ते तोंडानं सांगायचं. मेसेजात मावत न्हाय ते."

मी नाव झाकायला अंगठा पुढं केला आणि मागं घेतला. 'गार्ड' शब्द झाकला तरी तो मेसेज आख्ख्या जगात एकाच माणसाचा होता. मी वर गेले नाही, चहा प्याले नाही, तिथंच उभी राहून हिरवा नॅपकिन काकांच्या तोंडासमोर फडकवला. काकांनी सवयीनं एकदा मागं वळून बघितलं, आणि पाठवला.

मग वाट बघणं. काकांनी पेपर उलटा धरला होता, मी सांगितलं नाही. काकूंनी भाजीत मीठ दोनदा घातलं. मी हापिसात फोन करून सांगितलं की पोट दुखतंय. दुपारी जेवताना फोन वाजला. काकांचा हात आमटीत. मी उचलला.

धन्यवाद नाही. हात जोडलेलं चित्र नाही. एकच ओळ होती: "दुसरा कसा होता?"

काकांनी ती ओळ वाचली, मग आमटीच्या हातानंच डोळे पुसले, तिखट गेलं, आणि ओरडायला लागले. काकू पाणी मारत होत्या आणि हसत होत्या. मी रडत होते, कारण मला तेव्हा कळलं की मंगळवेढ्यात बसलेल्या त्या माणसाला इतक्या वर्षांनंतरही माहीत होतं, याच्याकडं दुसरा असणारच. काकांनी लिहिलं, "तोंडानं सांगायचा हाय. ये." हा एकच मेसेज त्यांनी माझ्या देखत कुणालाही न विचारता पाठवला.

गार्ड रविवारी आला. एसटीतून उतरून, पिशवीत ज्वारीचं पीठ घेऊन, काठी टेकत. उंच, वाळलेला माणूस. काका दारात उभे.

"वाच की बे," गार्ड म्हणाला. "दुसरा."

काकांनी फोन काढला आणि भर दारात अ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. गार्ड काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होता, अगदी काळजीपूर्वक, जसं रनिंग रूममध्ये ऐकत असेल.

"ह्यात 'मी' लई झालंय," तो म्हणाला. "ब बरा व्हता. कुणी काढला?"

काकांनी माझ्याकडं बोट केलं. गार्डानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मान हलवली आणि काकूंच्या हातातून चहाचा कप घेतला. ओठाला लावणार, तेवढ्यात त्याची मोतीबिंदूची नजर वर आमच्या गॅलरीकडं गेली. मी सकाळीच धुऊन दोरीवर टाकलेला हिरवा नॅपकिन वाऱ्यावर हलत होता.

त्यानं कप खाली ठेवला.

"पोरी," तो म्हणाला, "ते आधी काढून घे. चहा प्यायचाय मला."